रिकाम्या हॉलमध्ये रोबोट गाडी मागे का पळते? अल्ट्रासॉनिक सेन्सरचं नीट वाचन

नमस्कार मंडळी! ही गाडी बघा. दोन पिवळ्या बीओ मोटर, एक अर्डुइनो ऊनो, आणि पुढे डोळ्यांसारखा दिसणारा HC-SR04. समोर भिंत आली की थांबते, मागे येते, वळते. इथवर छान. आता हिला मी मोकळ्या हॉलच्या मधोमध सोडतो. समोर चार-पाच मीटर काहीच नाही.

[गाडी थोडी पुढे जाते, अचानक थांबून मागे येते]

पाहिलंत? समोर काही नसताना घाबरली. असं झालं की बहुतेक जण नवा सेन्सर मागवतात, पण सेन्सर बहुधा ठणठणीत असतो. आपण त्याचं बोलणं चुकीचं ऐकत असतो.

आधी हा सेन्सर नेमकं काय करतो ते पाहू. आपण ट्रिग पिनवर १० मायक्रोसेकंदांचा पल्स देतो. सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या आवाजाचे आठ ठोके सोडतो आणि एको पिन हाय करतो. आवाज आदळून परत आला की एको पिन पुन्हा लो होते. पिन जितके मायक्रोसेकंद हाय होती, त्याला ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. सेन्सर अंतर सांगत नाही, वेळ सांगतो, आणि सगळे घोळ या वेळेतच होतात.

पहिला घोळ शून्याचा. आपण वेळ मोजायला pulseIn वापरतो. ठरलेल्या मुदतीत पल्स पूर्ण झाला नाही, तर हे फंक्शन शून्य परत देतं. मोकळ्या हॉलमध्ये आवाज परतच येत नाही, म्हणून उत्तर शून्य. पुढे आपल्या कोडमध्ये लिहिलेलं असतं, अंतर ३० पेक्षा कमी असेल तर मागे ये. शून्य ३० पेक्षा कमीच! गाडी बिचारी सांगितलेलं काम करते.

यावर सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे शून्य आलं की ‘रस्ता मोकळा’ समजा. हा मला अजिबात पटत नाही. कारण ट्रिगची वायर निसटली तरी शून्यच येतं. मग गाडी वायर निसटलेली असताना रस्ता मोकळा समजून पूर्ण वेगाने भिंतीवर जाणार.

सुदैवाने ही दोन शून्यं वेगळी ओळखता येतात. समोर काही नसेल तर एको पिन हाय होते आणि बराच वेळ हायच राहते, साधारण ३८ मिलिसेकंद, काही मॉड्यूलमध्ये त्याहून खूप जास्त. सेन्सर बंद असेल तर ती मुळात हाय होतच नाही. म्हणून आपण मुदत छोटी ठेवायची, १२ मिलिसेकंद. तेवढ्यात साधारण दोन मीटरपर्यंतचं अंतर मोजून होतं आणि एवढ्याशा गाडीला त्याच्या पलीकडचं कळून करायचंय काय? मुदत संपली की लगेच पिनकडे बघायचं.

```
int readCm() {
  digitalWrite(TRIG, LOW);  delayMicroseconds(2);
  digitalWrite(TRIG, HIGH); delayMicroseconds(10);
  digitalWrite(TRIG, LOW);
  unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 12000UL);
  if (t > 0) return t / 58;
  return digitalRead(ECHO) == HIGH ? 200 : -1;
}
```

शेवटची ओळ महत्त्वाची. पिन अजून हाय असेल तर सेन्सर जिवंत आहे, वाट बघतोय, म्हणजे दोन मीटरच्या आत काही नाही. तेव्हा २०० धरा. पिन लो असेल तर −१, म्हणजे वाचनच झालेलं नाही. एखादं −१ सोडून द्या, पण लागोपाठ तीन आले तर मोटर बंद करा. आणि एको पिनपासून ग्राउंडला १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावा. नाहीतर एकोचीच वायर निघाली तर ती पिन अधांतरी राहते आणि मनाला येईल ते सांगते.

दुसरा घोळ मला सगळ्यात मजेशीर वाटतो. इथे गाडीला नसलेली वस्तू दिसते.

समजा समोर एक मीटरवर स्टूल आहे आणि त्याच्या मागे, तीन मीटरवर भिंत. आवाज सुटला. काही भाग स्टुलावर आपटून ५.८ मिलिसेकंदांनी परत आला. सेन्सर म्हणाला १०० सेंटिमीटर, बरोबर. पण बाकीचा आवाज स्टुलाच्या बाजूने पुढे गेलाय, तो भिंतीवर आपटून १७.४ मिलिसेकंदांनी येणार आहे. इकडे आपल्या कोडमध्ये delay(10) आहे. म्हणजे दुसरा आवाज आपण १५.८ ला सोडतो. १७.४ ला भिंतीवरून पहिल्याच आवाजाचा पडसाद येतो. सेन्सरला कुठला पडसाद कुठल्या आवाजाचा हे कळत नाही. तो समजतो, आत्ता सोडलेला आवाज १.६ मिलिसेकंदांत परत आला. भागिले ५८, सुमारे २७ सेंटिमीटर. गाडी मागे!

पुढचा हिशोब कागदावर करून बघा. तिसरं वाचन पुन्हा १०० येतं, चौथं पुन्हा २७. सीरियल मॉनिटरवर १००, २७, १००, २७ असा ताल दिसला की ओळखायचं, हा जुना पडसाद आहे. वाऱ्याने, धुळीने किंवा वायर हलल्याने येणारी गडबड इतकी नियमित नसते.

उपाय सोपा आहे. दोन वाचनांमध्ये किमान ६० मिलिसेकंद जाऊ द्या, सेन्सरच्या माहितीपत्रकातही हाच आकडा दिलेला असतो. ६० मिलिसेकंदांत आवाज वीस मीटर जातो. तोवर घरातले पडसाद इतके क्षीण होतात की सेन्सरला ऐकू येत नाहीत. मात्र हे delay(60) ने करू नका, millis() ने करा, म्हणजे मधल्या वेळात मोटरचं काम चालू राहील.

एवढं केलं तरी अधूनमधून एखादा आकडा भरकटतोच. त्यासाठी लोक सरासरी काढतात. ८४, ८३ आणि भरकटलेला ७ घ्या. सरासरी येते ५८. समोर ५८ वर काहीच नाही! एका खोट्या आकड्याने दोन खरे बिघडवले. त्याऐवजी तिन्ही चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: ७, ८३, ८४. मधला ८३. खोटा आकडा कितीही खोटा असो, तो कडेलाच राहतो.

```
int mid(int a, int b, int c) {
  return max(min(a, b), min(max(a, b), c));
}
```

इथे दोन गोष्टी सांभाळा. दर वेळी थांबून तीन नवी वाचनं घेऊ नका, त्यात १८० मिलिसेकंद जातात. शेवटची तीन जवळ ठेवा, नवं आलं की सगळ्यात जुनं टाका. नवी वस्तू समोर आली तर ती दुसऱ्या वाचनाला मधल्या आकड्यात दिसते. म्हणजे वाईटात वाईट १२० मिलिसेकंदांचा उशीर. गाडी सेकंदाला ५० सेंटिमीटर पळत असेल तर तेवढ्यात ती ६ सेंटिमीटर पुढे जाते, शिवाय मोटर बंद केल्यावर थोडी घरंगळते ते वेगळं. जमिनीवर खडूची रेघ मारून हे घरंगळणं मोजा, त्यात ६ मिळवा, वर थोडी सूट ठेवा. तुमच्या गाडीची थांबायची मर्यादा अशी निघते. कुणाच्या तरी कोडमधले ३० उचलायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, गाडी वळून झाली की ती तिन्ही वाचनं शिळी झालेली असतात, ती जुन्या दिशेची आहेत. वळल्यावर तीन ताजी वाचनं होईपर्यंत पुढे निघू नका. हे विसरलं की गाडी एकाच जागी दोन-दोनदा वळत राहते.

तापमानाचं विचाराल तर सोडून द्या. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना साधारण ३५५. तीस सेंटिमीटरला फरक एक सेंटिमीटरचा. अडथळा टाळायला चालतंय की.

मोटरचा त्रास मात्र खरा आहे, आणि तो शोधायची युक्ती ही. गाडी डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. समोर ५० सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचा खोका. मोटर बंद असताना आकडे बघा, मग चालू करून बघा.

[मॉनिटरचा क्लोजअप: ५०, ५०, ५१… मोटर सुरू… ५०, −१, ५०, १३]

बंद असताना स्थिर आणि चालू केल्यावर नाचायला लागले, तर दोष वीजपुरवठ्याचा. सेन्सरच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये, सेन्सरच्या अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. आणि ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरला लावली असेल तर आधी काढा. मोटर सुरू होताना लागणारा करंट तिला झेपत नाही.

आता अशी एक गोष्ट जी कोडने सुटत नाही. गाडी भिंतीकडे तिरकी जाते आणि सरळ धडकते, वाचन मात्र शेवटपर्यंत मोकळ्या रस्त्याचं. ४० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्यासमोर गुळगुळीत भिंत म्हणजे आरसाच. कॅरमची सोंगटी कडेला तिरकी लागली की दुसरीकडेच जाते, तसा आवाज निघून जातो, सेन्सरकडे परत येतच नाही. मधला आकडा घ्या नाहीतर काहीही करा, जे आलंच नाही ते मोजणार कसं? जाड पडदा आणि सोफ्याची गादी यांचंही असंच, फक्त तिथे आवाज शोषला जातो.

तुमच्या गाडीला हे कुठपासून होतं ते तपासा. भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर गाडी सरळ तोंड करून ठेवा, मग दहा-दहा अंशांनी फिरवत आकडे बघा. कुठल्या तरी कोनाला वाचन एकदम उडी मारून २०० होईल. तो कोन लिहून ठेवा. त्याच्या पलीकडे हा एकटा सेन्सर आंधळा आहे.

मग दोन मार्ग उरतात. सेन्सर छोट्या सर्व्होवर बसवून डावी-उजवीकडे बघायचं, किंवा दोन्ही बाजूंना साधारण ३० अंश तिरके असे आणखी दोन सेन्सर लावायचे. तिन्ही एकदम वाजवू नका, आळीपाळीने वाजवा, नाहीतर एकाचा पडसाद दुसरा ऐकेल आणि पुन्हा तोच १००–२७ चा खेळ. मी स्वतः या जोडीला पुढे मायक्रोस्विचचा साधा बंपर लावतो, आणि सेन्सर बंपरपेक्षा तीनेक सेंटिमीटर मागे बसवतो. कारण दोन सेंटिमीटरच्या आतलं या सेन्सरला मोजता येत नाही. गाडी भिंतीला चिकटली तरी सेन्सर तिच्यापासून तीन सेंटिमीटर लांब राहतो आणि मागे यायचं की नाही हे त्याला सांगता येतं.