हळदीचं पाकीट फोटोत कसं वाचायचं आणि फोटो कुठे थांबतो

[टेबलावर एकाच नावाची हळदीची दोन पाकिटं]

दोन पाकिटं, नाव एकच, वजन एकच. डावीकडच्यावर अक्षरांच्या कडेला गुलाबी रेघ दिसते, सील थोडं वेगळं वाटतं आणि आतली हळद जास्त पिवळी आहे. अशा पाकिटांचे फोटो बघून लोक लगेच 'नकली' म्हणून मोकळे होतात. आपण या तीन खुणा एकेक करून बघू, कारण तिन्हींचं वजन सारखं नाही.

आधी छपाई. अशा पाकिटाची फिल्म बहुतेक वेळा रोटोग्रॅव्ह्यूर म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या यंत्रावर छापतात. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर असतो आणि फिल्म एकामागून एक सगळ्यांवरून जाते. पांढऱ्यावर लाल अक्षर हवं असेल, तर ते किरमिजी आणि पिवळी शाई एकावर एक बसवूनही तयार करतात. किरमिजी जराशी उजवीकडे सरकली, की अक्षराच्या उजव्या कडेला गुलाबी रेघ येते आणि डाव्या कडेला पिवळी. छापखान्यात याला 'रजिस्टर आऊट' म्हणतात. फिल्मचा ताण बदलला, रोल बदलताना धक्का बसला, की चांगल्या छापखान्यातही हे होतं. साधारण पाव मिलिमीटरची सरक तर बहुतेकदा चालवूनच घेतात. म्हणजे नुसती रेघ दिसली म्हणून पाकीट नकली ठरत नाही.

शिवाय ती रेघ पाकिटावर आहे की लेन्सनं तयार केली आहे, हे आधी ठरवायला हवं. मोबाइलची लेन्स फ्रेमच्या कोपऱ्यांकडे रंग किंचित फोडते आणि अगदी अशाच रंगीत कडा दाखवते. त्यावर उपाय सोपा. एक फोटो काढा, मग मोबाइल जागेवरच ठेवून पाकीट उलटं फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि तेच अक्षर फ्रेममध्ये पहिल्याच जागी आणून दुसरा फोटो काढा. आता पाकीट सरळ धरल्यासारखं मनात आणून बघा: गुलाबी रेघ त्या अक्षराच्या उजव्याच कडेला राहिली, तर ती छपाईतली. पाकीट फिरलं तरी रेघ फ्रेमच्याच एका बाजूला अडकून राहिली, तर ती लेन्सची. सगळं अक्षर फ्रेमच्या मध्यावर घेतलं तर लेन्सचा त्रास मुळातच कमी होतो. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो तर यासाठी वापरूच नका. आकार कमी करताना ॲप रंगाचा तपशील आधी उडवतं आणि रंगीत कडा पसरतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

[मागच्या बाजूच्या बारीक मजकुराचा जवळून फोटो]

रेघेपेक्षा मला ही जागा जास्त विश्वासाची वाटते. घटकांचा बारीक मजकूर सहसा एकाच शाईत छापलेला असतो, कारण इतक्या लहान अक्षरात दोन रंग जुळवत बसायला कुणी तयार नसतो. जवळून बघितलं तर अक्षर एकरंगी, भरीव दिसतं. ग्रॅव्ह्यूर असेल तर कडा किंचित करवतीसारख्या दिसतील, ते ठीक आहे. पण तोच काळा मजकूर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांनी बनलेला असेल, तर कुणीतरी तयार पाकीट स्कॅन करून चार रंगांत पुन्हा छापलं असण्याची शंका येते. बॅच नंबर आणि तारीख यात धरू नका. ते भरताना वेगळ्या यंत्रानं उमटतात, तिरके असणं नेहमीचंच.

आता सील. फोटोसाठी समोरचा प्रकाश बंद करा आणि टॉर्च पाकिटाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारा. दात्यांच्या सावल्या पडल्या की खरं सील दिसतं. उशीसारख्या पाकिटाच्या पाठीवर एक उभं सील असतं, वर आणि खाली एकेक आडवं. उभ्या भरणी-यंत्रात गरम जबडे एकदा मिटले की भरून खाली उतरलेल्या पाकिटाचं वरचं सील आणि पुढच्या पाकिटाचं खालचं सील एकाच दाबात होतं आणि मधोमध सुरी फिरते. म्हणून वरच्या आणि खालच्या सीलचे दाते सहसा सारख्या अंतराचे असतात. प्रत्येकी एक सेंटिमीटरमधले दाते मोजा. खाली आठ आणि वर पाच भरले, किंवा जुन्या दात्यांवर दुसरी रेषा चढलेली दिसली, तर वरचं सील दुसऱ्या यंत्रानं मारलं आहे. पाकीट उघडून पुन्हा बंद केल्याची शंका इथे खरी धरता येते. अपवाद एकच: आधीच तयार करून आणलेले पाऊच. त्यांची तीन बाजूंची सीलं कारखान्यात होतात आणि वरचं भरल्यानंतर, तेव्हा तिथे फरक असणारच.

सीलमध्ये पिवळी पूड अडकलेली दिसली तर तो भरणीतला दोष. पूड स्थिर विजेनं फिल्मला चिकटते, तिथे प्लास्टिक एकजीव होत नाही आणि हवेला वाट मिळते. वाट खरोखर आहे का, हे फोटो सांगत नाही. पाकीट पाण्याखाली धरून हलकं दाबा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल.

[दोन्ही पाकिटांतली हळद पांढऱ्या कागदावर, शेजारी शेजारी]

राहिला रंग, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दोन वेगळ्या फोटोंतल्या हळदीची तुलना करूच नका. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या मनानं ठरवतो. पिवळ्यानं फ्रेम भरली की तो पिवळा कमी करायला बघतो. दोन्ही नमुने एकाच पांढऱ्या कागदावर, एकाच फ्रेममध्ये, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात ठेवा, मग जागा अदलाबदल करून पुन्हा काढा. फरक दोन्ही फोटोंत टिकला तर तो हळदीतला.

पण हळदीतला म्हणजे भेसळीचाच, असं नाही. बारीक दळलेली पूड फिकट दिसते. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उजेडात उडतं, म्हणून पारदर्शक खिडकीजवळची हळद आतल्यापेक्षा निस्तेज होऊ शकते. उलट एकसारखा, तेजस्वी पिवळा रंग लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रंगद्रव्य मिसळूनही येतो. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, तेव्हा ग्लासातल्या पाण्यात रंग सुटतो का बघण्याच्या चाचणीत ते सापडेल या भरवशावर राहू नका.

इथून पुढचं काम प्रयोगशाळेचं. शिसं आणि क्रोमियम दोन्ही मोजायला सांगा, नुसतं शिसं नको. लेड क्रोमेटमध्ये वजनानं शिसं क्रोमियमच्या साधारण चौपट असतं, म्हणून दोन्ही वाढलेले आणि त्याच प्रमाणाच्या आसपास असतील तर शिसं मातीतून आलं की रंगातून, याचा अंदाज बांधता येतो. कर्क्युमिनचं प्रमाण एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर कळतं. पिठाची भेसळ सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पडते: हळद उकडून वाळवलेली असल्यामुळे तिचा स्वतःचा स्टार्च फुगून एकजीव झालेला असतो, आणि मिसळलेल्या कच्च्या पिठाचे कण वेगळे, टवटवीत दिसतात.

नमुना देताना उघडलेलं पाकीट देऊ नका, कारण तुमच्या डब्यातला चमचा आत गेला की निकालाला अर्थ राहत नाही. त्याच बॅच नंबरची दोन न उघडलेली पाकिटं घ्या. एक प्रयोगशाळेला द्या, दुसरं काळ्या पिशवीत बांधून जपून ठेवा. निकालावर वाद झाला तर दुसऱ्यांदा तपासायला तेच लागेल.