आधी काटा, मग पॅच

श्रोतेहो, नमस्कार. लांब सुट्टी लागली की तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिकवणीचा वर्ग शोधला जातो. त्याऐवजी पाच दिवसांची सायकल-दुरुस्तीची कार्यशाळा घ्यावी, असे मी सुचवतो. रोज दोन तास, दहा मुले, शिकवणारे दोघे आणि दोन मुलांत मिळून एकच सायकल, कारण एकाने चाक धरल्याशिवाय दुसऱ्याला टायर नीट उतरवता येत नाही. पहिले तीन दिवस मी केवळ पंक्चरला देतो. तीन दिवस का, ते एका मुलीच्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्या दिवशी तिने फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून छिद्र शोधले, ती जागा पुसून कोरडी केली, पॉलिशपेपरने घासली, सोल्युशन लावले आणि पॅच दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेले होते. पॅच घट्ट होता, पण त्याच्या शेजारी नवे छिद्र पडले होते. तिने दुसरा पॅच लावला आणि तिसऱ्या दिवशी तिसरे छिद्र निघाले. ती रडवेली होऊन नवी ट्यूब मागू लागली. मी तिला ट्यूब जशी बसली होती तशीच, व्हॉल्व्ह त्याच्या जागी धरून, टायरवर मांडायला सांगितली. तिन्ही छिद्रे दोन बोटांच्या अंतरात आली. तिने त्या जागी टायरच्या आतून कापडाची घडी फिरवली आणि कापड अडकले. बाहेरून मोडलेल्या काट्याचे टोक आत तसेच राहिले होते. टायर वाकवल्यावरच ते दिसले आणि पकडीने निघाले. मुलांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो: आधी काटा, मग पॅच. आणि टायरमधून उघडे बोट फिरवू नये, कापडच फिरवावे.

या वयाच्या मुलांना मोठ्यांनी चूक लगेच दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्याच दिवशी मी काटा काढून दिला असता, तर ट्यूब टायरवर मांडून पाहायची असते हे तिला कळलेच नसते.

पॅच निसटतो तो बहुधा घाईमुळे. सोल्युशन ओले असताना पॅच लावला, की तो कडेने उचलला जातो. सुमारे पाच मिनिटे थांबून त्याची चमक गेल्यावरच पॅच लावावा. एकाच वेळी शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडली असतील, तर बहुधा हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपलेली असते. तिथे काटा शोधून उपयोग नसतो.

चौथा दिवस ब्रेक आणि साखळीचा, पाचवा मुलांच्या स्वतःच्या सायकलींचा. मुलांनी जुळवलेला ब्रेक मोठ्यांनी तपासल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ देऊ नये. पंक्चरची परीक्षा मात्र रात्रभराची असते: चाक भरून ठेवायचे आणि सकाळी अंगठ्याने दाबून पाहायचे. चौथ्या दिवशी सकाळी त्या मुलीचे चाक टणक होते.