एक कीर्तन, आठ स्टेटस

पडद्यावर आहे गावच्या सप्ताहातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग. लांबी 7 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 430 सेकंद. ते व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावायचं आहे आणि एका स्टेटसची मर्यादा 60 सेकंद धरली आहे. ही मर्यादा कायमची नसते. पूर्वी ती 30 सेकंद होती आणि मार्च 2020 मध्ये भारतात काही काळ 15 सेकंदांवर आली होती. म्हणून कापायला बसण्याआधी एखादा लांब व्हिडिओ स्टेटसला घेऊन आपल्या फोनवर किती सेकंद बसतात ते बघून घ्यावं.

आता सरळ 60-60 सेकंदांचे तुकडे पाडून बघू. बरीच स्प्लिटर अ‍ॅप्स व्हिडिओ नव्याने तयार करत नाहीत, आहे तसाच तोडतात. काम चटकन होतं आणि चित्राचा दर्जाही तसाच राहतो. पण तुकड्यांची लांबी बघा: 64, 56, 64, 56, 64, 56, 64 आणि शेवटी 6 सेकंद.

हे असं होतं, कारण व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र साठवलेलं असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. नवा तुकडा कीफ्रेमपासूनच नीट सुरू होऊ शकतो. या फाइलमध्ये कीफ्रेम दर 8 सेकंदांनी आहे, त्यामुळे साठाव्या सेकंदाला मागितलेला काप चौसष्टाव्याला पडला.

खरं नुकसान पुढे होतं. स्टेटस लावताना 60 सेकंदांच्या पुढचं छाटलं जातं. पहिल्या भागातले शेवटचे 4 सेकंद गेले आणि दुसरा भाग तर चौसष्टाव्या सेकंदापासून सुरू होतो. म्हणजे ते 4 सेकंद कुठल्याच भागात उरले नाहीत. असे चार भाग आहेत, म्हणजे 16 सेकंदांचं कीर्तन गायब. कुठलीही सूचना येत नाही. लावण्याआधी प्रत्येक फाइलची लांबी वाचली तरच हे कळतं.

म्हणून आधी भागांची संख्या ठरवावी. 430 ला 60 ने भागलं की सातच्या थोडं वर येतं, म्हणजे आठ भाग लागणारच. मग 430 ला आठने भागायचं: साधारण 54 सेकंद. शेवटी 6 सेकंदांचं शेपूट राहत नाही आणि प्रत्येक भागात इकडेतिकडे सरकायला जागा मिळते.

ती जागा ऐकून वापरायची. चोपन्नाव्या सेकंदाला बुवा अभंगाच्या ओळीच्या मधोमध आहेत. दोन सेकंद मागे गेलं, की आधीची ओळ संपते, मृदंग समेवर येतो आणि बुवा श्वास घेतात. पहिला काप तिथे, 52 वर. दुसऱ्या जागी टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचललंय, ते पूर्ण होऊ द्यायचं, म्हणून 107. असे सातही काप कानाने ठरवायचे. हा वेळ आम्ही कधीच वाचवत नाही. ऐकणाऱ्याला तुटलेला शब्द खटकतो, दोन सेकंद कमीजास्त झाल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही.

कॉम्प्युटरवर एफएफएमपेग हे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर असेल तर आज्ञा अशी:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -c:v libx264 -crf 20 -c:a aac \
-force_key_frames 52,107,159,215,268,322,376 \
-f segment -segment_times 52,107,159,215,268,322,376 \
-segment_time_delta 0.05 -reset_timestamps 1 \
-segment_start_number 1 kirtan_%02d.mp4
```

इथे व्हिडिओ नव्याने तयार होतो, म्हणून वेळ जास्त लागतो. पण हव्या त्या सेकंदाला कीफ्रेम बसवता येते आणि काप तिथेच पडतो. `-reset_timestamps 1` मुळे प्रत्येक भागाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. ते विसरलं, तर दुसरा भाग काही फोनवर सुरुवातीला काळा दिसतो. `%02d` मुळे क्रमांक 01, 02 असे पडतात. नुसते 1, 2 ठेवले आणि भाग दहाच्या पुढे गेले, की नावानुसार लावलेल्या यादीत 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो.

फाइलचं नाव बघणाऱ्याला दिसत नाही. त्याच्यासाठी क्रमांक चित्रावरच हवा आणि तोही ‘3/8’ असा, म्हणजे अजून किती बाकी आहे ते कळतं. अगदी वरच्या कडेला लिहिला तर तो पट्ट्यांखाली आणि नावाखाली झाकला जातो, तळाशी उत्तराची जागा आडवी येते. कडेपासून थोडा खाली घ्यावा आणि आठही भागांत एकाच जागी ठेवावा.

लावताना गॅलरीवर विसंबू नका. तिथे बहुधा शेवटची फाइल सगळ्यात वर असते. 01 पासून एकेक निवडत जा. आणि आठही भाग एका बैठकीत लावा. प्रत्येक स्टेटस आपापल्या वेळेपासून 24 तासांनी जातं. पहिले दोन भाग सकाळी आणि बाकीचे रात्री लावले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बघणाऱ्याला कीर्तन थेट तिसऱ्या भागापासून ऐकू येतं.