पाटीवरचा पंधरा अक्षरी नंबर

(दृश्य : मोबाइलवर उघडलेलं कोटेशन. बोट पत्त्यावरून खाली सरकतं आणि जीएसटी नंबरवर थांबतं.)

निवेदन :
कोटेशनच्या माथ्यावर दुकानाचं नाव. खाली गाळा नंबर, औद्योगिक वसाहत, पिन कोड. त्याखाली जीएसटी नंबर. असं धरूया की हे कोटेशन शिवणकामाचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका ताईंना आलंय. त्यांना चार ओव्हरलॉक मशीन घ्यायची आहेत. विक्रेता म्हणतो, निम्मे पैसे आधी भरा, आठवड्यात माल पोचेल. अ‍ॅडव्हान्स मागण्यात वावगं काही नाही, व्यापार असाच चालतो. पण हा माणूस खरंच त्या गाळ्यात बसतो का, एवढं पैसे सोडण्याआधी कळायला हवं. आणि ते घरबसल्या निम्मं तरी कळतं.

(दृश्य : नंबर मोठा होतो, त्याचे भाग वेगवेगळ्या रंगांत.)

या नंबरात पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्र 27, गुजरात 24. पत्ता महाराष्ट्रातला आणि नंबर 24 ने सुरू होणारा असेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा. पुढची दहा अक्षरं म्हणजे व्यवसायाचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर नीट बघा. P असेल तर पॅन एका व्यक्तीचा, C असेल तर कंपनीचा, F असेल तर भागीदारी फर्मचा. ताईंच्या कोटेशनवर P आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : संगणकाचा पडदा. gst.gov.in उघडतं.)

gst.gov.in वर Search Taxpayer नावाचा मेन्यू आहे. त्यात Search by GSTIN/UIN निवडायचं, नंबर टाकायचा, चित्रातली अक्षरं भरायची. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पडद्यावर येतं, Active. बहुतेक जण इथेच समाधान मानतात, आणि नेमकी इथेच फसगत होते. Active म्हणजे ही नोंदणी चालू आहे, इतकंच. ज्याने तो नंबर कोटेशनवर छापला, त्याचाच तो आहे असं पोर्टल कुठेही म्हणत नाही. जीएसटी नंबर प्रत्येक बिलावर छापलेला असतो. तो कुणीही उचलून आपल्या कागदावर घालू शकतो. म्हणून खाली वाचत जायचं.

Legal Name of Business म्हणजे कायदेशीर नाव. एकट्या मालकाचा धंदा असेल तर इथे त्या माणसाचंच नाव येतं. Trade Name म्हणजे ज्या नावाने दुकान चालतं ते. पाटीवर बहुधा हेच दिसतं, त्यामुळे ही दोन नावं वेगळी असली तर घाबरायचं कारण नाही. ताईंच्या कोटेशनवरचं नाव Trade Name शी जुळतंय. शेवटी येतं Principal Place of Business, व्यवसायाची मुख्य जागा. आणि इथे औद्योगिक वसाहत नाहीच. एका गृहसंकुलातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा पत्ता आहे.

लगेच चोर ठरवू नका. कितीतरी व्यापारी नोंदणी राहत्या घराच्या पत्त्यावर करतात आणि माल गोदामात ठेवतात. एकाच राज्यातल्या अशा जास्तीच्या जागा त्याच नंबरावर नोंदवता येतात. कुणी नुकतीच जागा बदललेली असते. बदल पंधरा दिवसांत कळवायचा असतो, तो राहून गेलेला असतो. पत्ता जुळला नाही, याचा अर्थ विक्रेत्याला आता एक प्रश्न विचारायचा आहे.

(दृश्य : नोंदणी प्रमाणपत्राची पानं. मजकूर धूसर.)

प्रश्न असा : तुमचं जीएसटी प्रमाणपत्र पूर्ण पाठवता का? या प्रमाणपत्राला फॉर्म जीएसटी आरईजी-06 म्हणतात. पहिल्या पानावर मुख्य जागा असते. मागे दोन परिशिष्टं असतात. अ मध्ये जास्तीच्या जागांची यादी, ब मध्ये मालकाचं किंवा भागीदारांचं, संचालकांचं नाव आणि फोटो. वसाहतीतला गाळा खरोखर त्याचा असेल तर तो परिशिष्ट अ मध्ये सापडायला हवा.

विक्रेता तत्परतेने प्रमाणपत्र पाठवतो. फक्त पहिलं पान. ताई पुन्हा विचारतात, तर उत्तर येतं, ‘बाकीची पानं तशीच असतात हो, त्यात काही नसतं.’ ज्या पानावर गाळ्याचा पत्ता असायला हवा, तेच नेमकं येत नाही.

(दृश्य : वसाहतीतली गल्ली. गाळ्यावरचा फलक, आधी दुरून, मग अगदी जवळून.)

आता फलक. केंद्रीय जीएसटी नियम 2017 मधला नियम 18 सांगतो, की नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं आणि प्रवेशाशी असलेल्या नामफलकावर जीएसटी नंबर लिहायचा. मुख्य जागेवरही, आणि जास्तीच्या प्रत्येक जागेवरही. म्हणजे गल्लीत उभं राहून, कुणालाही काही न विचारता, तुम्ही तो वाचू शकता.

विक्रेत्याने फोनवर पाठवलेल्या पाटीच्या फोटोवर मी तरी विसंबणार नाही. त्या गावातला ओळखीचा कुणीतरी जाऊन फोटो काढेल असं बघा. शेजारच्या गाळ्यांचे नंबर चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागा पक्की होते. मग जवळ जाऊन दुसरा फोटो, खालच्या बारीक ओळीचा.

ताईंचा भाचा जातो. फलकावर मोठ्या अक्षरांत नाव तेच. आपल्याकडे फलक मराठीत आणि पोर्टलवरचं नाव रोमन लिपीत, त्यामुळे नावाच्या स्पेलिंगवरून खात्री होत नाही. नंबर मात्र अक्षर न् अक्षर ताडता येतो. दोन्ही नंबर एकाखाली एक लिहा. 27 जुळतं. पुढची तीन अक्षरं वेगळी. आणि सहावं, म्हणजे पॅनमधलं चौथं अक्षर, कोटेशनवर P, फलकावर C.

हा फरक टायपिंगच्या चुकीतला नाही. पॅन तोच राहून तेरावं अक्षर वेगळं असतं, तर त्याच पॅनवरची त्याच राज्यातली दुसरी नोंदणी म्हणता आलं असतं, कायद्याला ते चालतं. इथे पॅनच वेगळा आहे, म्हणजे व्यवसायच दुसरा आहे. फलकावरचा नंबर पोर्टलवर टाकला की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी दिसते, आणि मुख्य जागा म्हणून तोच गाळा.

मग कोटेशन पाठवणारा कोण? कंपनीचा दलाल असेल, त्याच घरातली दुसरी फर्म असेल, किंवा नाव आणि पत्ता उचलणारा तिऱ्हाईत. हे पोर्टल सांगू शकत नाही, पाटीही नाही. भाच्याने आत जाऊन कोटेशन दाखवायचं आणि विचारायचं, हे तुमचंच का? आतली माणसं कोटेशन उलटसुलट करून बघतात आणि सांगतात, हे आमचं नाही, हा फोन नंबरही आमचा नाही.

(दृश्य : नंबर नसलेली एक छोटी पाटी.)

पाटीवर नंबरच नसेल तर? फक्त मालाची विक्री करणाऱ्या आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असणाऱ्या बऱ्याच दुकानदारांना नोंदणी सक्तीची नाही. तो दुकानदार खोटा ठरत नाही. पण नोंदणी नसताना त्याने बिलात जीएसटी लावला, तर तो बेकायदा आहे. फलकावर कंपोझिशन करदाता, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा छोटा व्यापारी, असं लिहिलेलं असेल, तर त्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. तेव्हा पाटी आणि बिल शेजारी ठेवून वाचा.

(दृश्य : पुन्हा मोबाइल. पैसे पाठवण्याचा पडदा, खातेदाराच्या नावाची ओळ.)

आणि पैसे पाठवताना खातेदाराचं नाव पोर्टलवरच्या Legal Name किंवा Trade Name शी ताडून बघा. ताईंना दिलेलं खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. त्यांनी अ‍ॅडव्हान्स भरला नाही. कोटेशन, पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि फलकाचे दोन्ही फोटो त्यांनी त्या कंपनीलाच पाठवून दिले, कारण नाव तिचं वापरलं जात होतं.