टायलिंग केलं, तरी मिस तेवढेच: 1024 च्या मॅट्रिक्समध्ये काय घडतं

स्क्रीनवर दिसतायत ते तीन लूप तुम्ही आधी कुठेतरी लिहिलेच असतील. मॅट्रिक्स गुणाकार, एकदम साधा.

```c
for (int i = 0; i < N; i++)
  for (int j = 0; j < N; j++)
    for (int k = 0; k < N; k++)
      C[i][j] += A[i][k] * B[k][j];
```

N घेऊया 1024, आकडे double, म्हणजे एकेक 8 बाइटचा. एक मॅट्रिक्स झालं 8 एमबीचं. आणि प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा जो L1 डेटा कॅश असतो तो बऱ्याच मशीनवर 32 केबी, त्यामुळे मॅट्रिक्स त्यात मावायचा प्रश्नच नाही, आपल्या हातात एवढंच आहे की आत आणलेला डेटा बाहेर जायच्या आधी किती वेळा वापरून घ्यायचा.

सगळ्यात आतल्या लूपमध्ये k पुढे सरकतो. A च्या बाजूने काही त्रास नाही, ओळीतले आकडे मेमरीत शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि मेमरीतून डेटा येतो तोच 64 बाइटच्या तुकड्यात, त्याला कॅश लाइन म्हणतात, म्हणजे एक आकडा मागितला की आठ येतात. B चं उलटं आहे. तिथे आपण कॉलममधून खाली उतरतोय, दर पावलाला 8192 बाइटची उडी, आठ आकडे आणले, एक वापरला आणि पुढे गेलो.

नुसती उडी मोठी आहे एवढंच नाही, ती कुठे पडते तेही बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. 32 केबीचा L1 म्हणजे एक मोठी पिशवी नाही. त्यात 64 कप्पे असतात, त्यांना सेट म्हणतात, आणि प्रत्येक सेटमध्ये आठ लाइनींची जागा. कुठली लाइन कुठल्या सेटमध्ये जाणार ते तिच्या पत्त्यावरूनच ठरतं, दुसरीकडे जागा रिकामी असली तरी ती तिकडे जाऊ शकत नाही. 64 सेट गुणिले 64 बाइट, म्हणजे दर 4096 बाइटला परत तोच सेट येतो. आपली उडी 8192 ची, बरोबर दुप्पट. म्हणजे B चा अख्खा कॉलम, 1024 च्या 1024 लाइनी, एकाच सेटमध्ये येऊन पडतात, आणि तिथे जागा आठच आहेत.

त्यामुळे B चं जवळपास प्रत्येक वाचन मिस होतं, म्हणजे हवा तो आकडा L1 मध्ये सापडतच नाही. 1024 चा घन म्हणजे साधारण 107 कोटी मिस.

हे पडताळायला मी कॅशग्राइंड वापरते, व्हॅलग्राइंडमधलं टूल. तो प्रोग्रॅमचा प्रत्येक मेमरी ॲक्सेस पकडतो आणि एका काल्पनिक कॅशमधून चालवून बघतो. 3.21 व्हर्जनपासून कॅशचं सिम्युलेशन आपोआप चालू होत नाही, ते सांगावं लागतं, नाहीतर फक्त इन्स्ट्रक्शन मोजून मिळतात आणि माणूस मिसचा आकडा शोधत बसतो.

```
gcc -O2 -g mm.c -o mm
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,8,64 ./mm
```

शेवटचे तीन आकडे म्हणजे कॅशचा साइज, एका सेटमधल्या जागा आणि लाइनची लांबी. -O2 मुद्दाम दिलंय. जीसीसीमध्ये -O3 ला लूपची अदलाबदल चालू होते, म्हणजे तुम्ही एक क्रम लिहिता आणि मोजता भलताच. तिन्ही मॅट्रिक्स 64 बाइटच्या सीमेवर सुरू होतील असंही बघा, नाहीतर हिशोब थोडा सरकतो. आणि धीर धरा, सिम्युलेटरमध्ये हा प्रोग्रॅम बराच हळू चालतो.

आता टायलिंगच्या आधी एक सोपी सुधारणा. लूपचा क्रम i, k, j करायचा. आता आतल्या लूपमध्ये B ची ओळ सरळ वाचली जाते, C ची ओळही सरळ, A चा एकच आकडा हातात धरलेला. C ची ओळ 8 केबीची, ती L1 मध्ये टिकते. B चे आठ आकडे एका मिसमध्ये येतात, म्हणून 107 कोटींचे होतात 13.4 कोटी. हा आकडा लक्षात ठेवा, टायलिंगची तुलना याच्याशी करायची. पुष्कळ ठिकाणी टायलिंगचा फायदा सगळ्यात पहिल्या, वाईट लूपशी तुलना करून दाखवतात, ते मला पटत नाही, कारण त्यातला मोठा वाटा नुसता क्रम बदलून फुकट मिळालेला असतो.

तर मग टायलिंगनं वेगळं काय होतं? i, k, j मध्ये B ची प्रत्येक ओळ एकदा वापरून सोडून देतो आणि पुढच्या i ला अख्खं 8 एमबी परत ओढतो. टायलिंगमध्ये B चा एक छोटा चौकोन घ्यायचा, 32 बाय 32, तो आत आणायचा, आणि A च्या 32 ओळींसाठी तोच वापरायचा, मगच सोडायचा. 32 बाय 32 चा चौकोन 8 केबीचा, A, B, C तिघांचे मिळून 24 केबी, 32 मध्ये आरामात बसतात.

```c
for (int ii = 0; ii < N; ii += 32)
 for (int jj = 0; jj < N; jj += 32)
  for (int kk = 0; kk < N; kk += 32)
   for (int i = ii; i < ii+32; i++)
    for (int k = kk; k < kk+32; k++)
     for (int j = jj; j < jj+32; j++)
      C[i][j] += A[i][k] * B[k][j];
```

कागदावरचा हिशोब असा. एक चौकोन म्हणजे 128 लाइनी. चौकोनांच्या अशा फेऱ्या 32 चा घन, म्हणजे 32768. प्रत्येक फेरीत तिन्ही चौकोन नव्याने आणावे लागले असं धरलं तरी एकूण मिस सव्वा कोटी. 13.4 कोटींवरून सव्वा कोटी, दहापटीहून जास्त घट.

मग चालवून बघायचं. आणि आकडा येतो सव्वाचौदा कोटी.

म्हणजे कमी तर नाहीच, उलट थोडे वाढलेत. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा लूपच चुकलाय म्हणून तासभर तोच तपासत बसले होते, उत्तर मात्र बरोबर येत होतं, C चा प्रत्येक आकडा जुळत होता.

चूक लूपमध्ये नाहीच. चौकोन 8 केबीचा आहे हे खरं, पण तो मेमरीत एकत्र बसलेला नाहीये. त्याच्या 32 ओळी एकमेकींपासून 8192 बाइटवर आहेत, आणि ती उडी काय करते ते आपण आत्ताच बघितलं. चौकोनाची एक ओळ चार लाइनींची, तर 32 च्या 32 ओळी त्याच चार सेटमध्ये जाऊन पडतात. चार सेटमध्ये मिळून जागा 32 लाइनींची, आणि आपल्याला ठेवायच्यात 128. बाकीचे 60 सेट जवळपास मोकळे असूनही B ची ओळ पुढच्या i ला परत हवी होईपर्यंत ती बाहेर फेकली गेलेली असते. म्हणून B चे मिस तसेच राहिले, आणि A नि C चे चौकोन पुन्हा पुन्हा आणावे लागले ते वरून वाढले. याला कॉन्फ्लिक्ट मिस म्हणतात. मोनिका लॅम, एडवर्ड रॉथबर्ग आणि मायकल वुल्फ यांनी 1991 मध्येच दाखवलं होतं की टाइल केलेल्या गुणाकाराचे मिस मॅट्रिक्सच्या साइजप्रमाणे प्रचंड बदलतात, तेव्हा हा काही नवा शोध नाही, तरी अजूनही लोक यात अडकतात, कारण 512, 1024, 2048 असेच साइज टेस्टला घ्यायची सवय असते.

पण हे खरंच कॉन्फ्लिक्टमुळे होतंय कशावरून? सिम्युलेटर मला इथे फार आवडतो, कारण खऱ्या चिपमध्ये जे बदलता येत नाही ते इथे बदलता येतं. कॅश तेवढाच ठेवायचा, 32 केबी, फक्त एका सेटमध्ये आठच्या जागी 64 जागा द्यायच्या.

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,64,64 ./mm
```

आता सेट उरतात आठ, चौकोनाच्या 32 लाइनी एका सेटमध्ये आल्या तरी मावतात. कोड तोच, कॅश तेवढाच, आणि मिस सव्वा कोटीच्या आसपास येतात. जागा कमी पडत असती तर या बदलानं काहीच फरक पडला नसता, म्हणजे दोष पत्त्यांच्या वाटपाचाच.

उपाय एका ओळीचा आहे. B[N][N] च्या ऐवजी B[N][N+8] असं डिक्लेअर करायचं, A आणि C ला पण तसंच. आठ double म्हणजे बरोबर एक कॅश लाइन, ती नुसती मोकळी सोडायची. आता उडी 8256 बाइटची झाली, म्हणून प्रत्येक पुढची ओळ एक सेट सरकून बसते. चौकोन 35 सेटमध्ये पसरतो, एका सेटवर जास्तीत जास्त चार लाइनी येतात, उरलेल्या चार जागा A आणि C ला पुरतात. आठ जागांच्या मूळ कॅशवर परत चालवा, आकडा सव्वा कोटीच्या आत येतो.

टाइल मोठी केली तर अजून फायदा होईल असं वाटतं, पण 64 घेतलं की B चा चौकोन एकटाच 32 केबी होतो, A आणि C ला जागाच उरत नाही आणि मिस परत वर जातात. एवढं पॅडिंग केल्यावरसुद्धा. तेव्हा 64 ला आकडा वाढला तर पॅडिंगला दोष देऊ नका, तिथे खरोखरच जागा संपलेली असते.

अजून एक गोष्ट, टक्केवारी बघून फसू नका. कंपायलरनं व्हेक्टर इन्स्ट्रक्शन वापरल्या की एका वाचनात दोन किंवा चार double येतात, एकूण वाचनं घटतात, मिस तेवढेच राहतात, आणि मिस रेट वाढलेला दिसतो, खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. त्यामुळे मिसची संख्या बघा, आणि cg_annotate चालवून ती नेमकी कुठल्या ओळीवर आहे तेही बघा, मॅट्रिक्स भरतानाचे मिस त्यात वेगळे दिसतात.

आता खऱ्या प्रोसेसरवर येऊ.

```
perf stat -e L1-dcache-loads,L1-dcache-load-misses ./mm
```

इथले आकडे कॅशग्राइंडशी तंतोतंत जुळणार नाहीत. खऱ्या चिपमध्ये प्रीफेचर असतो, सरळ रेषेत वाचताय हे त्याच्या लक्षात आलं की तो पुढच्या लाइनी आधीच ओढून ठेवतो, कॅशग्राइंडमध्ये तो नाही. म्हणूनच i, k, j वाला साधा लूप मिसच्या संख्येवरून वाटतो तेवढा हळू नसतो, आणि मिस दहापट घटले म्हणून वेळ दहापट घटेल असं अजिबात धरू नका. L1 मधून हुकलेला चौकोन बहुतेक वेळा L2 मध्ये सापडतो, तिथून आणायला डझनभर सायकल लागतात, मेन मेमरीपर्यंत जायला लागतात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे वेळ वेगळा मोजायचा, आणि सिम्युलेटरकडे कारण विचारायचं, वेग नाही.

पॅडिंग करायला मॅट्रिक्सचं डिक्लेरेशन आपल्या हातात असावं लागतं. मॅट्रिक्स दुसऱ्या कोडकडून आलं असेल तर तो रस्ता बंद. मग जो चौकोन वापरायचाय तो आधी एका सलग 8 केबीच्या बफरमध्ये कॉपी करून घ्यायचा, याला पॅकिंग म्हणतात, मॅट्रिक्सच्या गणितासाठी वापरतात त्या मोठ्या BLAS लायब्ररी हेच करतात. सलग 8 केबी म्हणजे 128 लाइनी ओळीनं 64 सेटमध्ये, प्रत्येकात बरोबर दोन. कॉपीचा खर्च आहेच, पण kk आणि jj चे लूप बाहेर घेतले तर B चा एकदा कॉपी केलेला चौकोन A च्या 1024 ओळींना पुरतो, आणि कॉपी करताना प्रत्येक आकड्याला एकदाच हात लागतो.