पन्नासांत दोन खराब, मग लॉटमध्ये किती?

[दृश्य: मोल्डिंग यंत्र. साचा उघडतो, झाकणं पडतात.]

साचा उघडला की एका वेळी आठ झाकणं खाली पडतात. साच्यात आठ कॅव्हिटी, म्हणजे झाकणाच्या आकाराचे पोकळ कप्पे आहेत आणि प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला आपापल्या कॅव्हिटीचा क्रमांक उमटतो. हा बारीकसा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. झाकणं घसरत खोक्यात जातात. एका खोक्यात ५०० नग, अशी दहा खोकी भरली की ५००० चा एक लॉट झाला.

[दृश्य: तपासणीचं टेबल. ५० झाकणं रांगेत मांडलेली.]

या लॉटमधून ५० झाकणं काढली आहेत. एकेक उचलायचं, कड फिरवून बघायची, गेजवर बसवायचं. दोन झाकणांची कड अपुरी भरलेली निघाली. पन्नासांत दोन. तपासणीच्या कागदावर लिहिलं गेलं : रिजेक्शन ४ टक्के.

भागाकार बरोबर आहे. फक्त तो टेबलावरच्या पन्नास झाकणांचा आहे, खोक्यांतल्या पाच हजारांचा नाही.

[दृश्य: मण्यांची पेटी. फळी मण्यांत बुडते.]

लॉटचं खरं प्रमाण आधीच माहीत असेल तर नमुना काय सांगतो, हे बघायला ही पेटी. आत ४००० मणी आहेत, त्यांतले १६० लाल. म्हणजे बरोबर ४ टक्के. फळीला ५० खळगे आहेत. फळी मण्यांत खुपसायची, हलवून वर काढायची आणि लाल मोजायचे. मोजून झाले की मणी परत पेटीत टाकून ढवळायचे.

पहिल्या खेपेला ३. मग १. मग एकही नाही. मग २. मग ५.

[दृश्य: फळ्यावर प्रत्येक खेपेचा ठिपका.]

पेटी तीच, लाल मणी तेवढेच, तरी कागदावर ६ टक्के, २ टक्के, शून्य, ४ आणि १० टक्के असं लिहावं लागलं असतं. यात कोणाचा हात चुकलेला नाही. हिशेबच सांगतो की खरं प्रमाण ४ टक्के असताना पन्नासच्या शंभर नमुन्यांत साधारण १३ वेळा एकही लाल मणी येणार नाही. २७ वेळा एक येईल, २८ वेळा दोन, १८ वेळा तीन आणि उरलेल्या १४ वेळा चार किंवा त्याहून जास्त. म्हणजे ‘बरोबर ४ टक्के’ हे उत्तर चारांतून जेमतेम एकदा मिळतं.

कारखान्यात मात्र आपण उलट्या टोकाला उभे असतो. पेटीत काय आहे ते माहीत नाही, हातात फक्त फळी आहे. तेव्हा प्रश्न असा विचारायचा : खरं प्रमाण किती असेल तर पन्नासांत दोन खराब निघणं नवलाचं ठरणार नाही?

[दृश्य: संगणकाचा पडदा. स्प्रेडशीटमध्ये सूत्र टाइप होतं.]

१९३४ साली क्लॉपर आणि पिअरसन यांनी या प्रश्नाचं उत्तर देणारी पद्धत मांडली. आज ती स्प्रेडशीटच्या दोन ओळींत बसते.

```
=BETA.INV(0.025, 2, 49)
=BETA.INV(0.975, 3, 48)
```

पहिली ओळ खालची हद्द देते, दुसरी वरची. खराब नग x आणि नमुना n असेल, तर पहिल्या ओळीत x आणि n−x+1 घालायचे, दुसऱ्या ओळीत x+1 आणि n−x. आपल्या झाकणांसाठी उत्तर येतं ०.५ टक्के ते १३.७ टक्के.

पडद्यावर हे आकडे थोडा वेळ राहू द्या. लॉटमध्ये खराब झाकणं २५ च्या आसपास असू शकतात, किंवा ६८५ च्या आसपासही. पन्नासांत दोन या निकालाशी दोन्ही जुळतं. कागदावरच्या ‘४ टक्के’ या शब्दांत याचा मागमूस नाही. ज्याने लिहिलं त्याला ठाऊक असलं, तरी वाचणाऱ्याला कळायला वाव नाही.

खालच्या हद्दीपासून वरच्या हद्दीपर्यंतच्या या पट्ट्याला ९५ टक्के भरवशाचा म्हणतात. अर्थ इतकाच की ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरली, तर शंभर नमुन्यांतून काढलेल्या शंभर पट्ट्यांपैकी किमान ९५ पट्ट्यांत खरं प्रमाण सापडावं. हातातला पट्टा त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे तो पट्टा सांगत नाही.

बऱ्याच ठिकाणी अजून सोपं, घोटलेलं सूत्र वापरतात. त्याने इथे उणे १.४ ते ९.४ टक्के असं उत्तर येतं. उणे खराब झाकणं! खराब नग मोजकेच निघाले की ते सूत्र असं घसरतं, आणि वरची हद्दही कमी दाखवतं. खालच्या चुकीवर निदान हसू येतं, वरच्या चुकीवर माल पाठवला जातो.

[दृश्य: पुन्हा मण्यांची फळी. सगळे मणी पांढरे.]

आता ही खेप. एकही लाल मणी नाही. इथे ‘रिजेक्शन शून्य’ लिहायचा मोह होतो. त्यासाठी तोंडी हिशेब आहे : तीनला नमुन्याच्या संख्येने भागा. ३ भागिले ५० म्हणजे ६ टक्के. पन्नासांत एकही खराब निघाला नाही, तर ९५ टक्के भरवशाने एवढंच म्हणता येतं की लॉटमधलं प्रमाण ६ टक्क्यांच्या आत आहे. ‘१ टक्क्याच्या आत’ म्हणायचं असेल, तर ३०० नग तपासून त्यांत एकही खराब निघता कामा नये.

[दृश्य: गोदाम. एकीकडे लहान खोकं, दुसरीकडे खोक्यांची थप्पी.]

‘लॉटच्या दहा टक्के काढा.’ ही सूचना भिंतीवर, रजिस्टरवर आणि लोकांच्या तोंडी सगळीकडे भेटते. ती टाकून द्यावी. ५० नगांचा लॉट घ्या, त्यात दोन खराब, म्हणजे ४ टक्के. दहा टक्के म्हणजे पाच नग काढले. त्या पाचांत दोन्हींपैकी एकही न येण्याची शक्यता ८१ टक्के आहे. ५००० च्या लॉटचे दहा टक्के म्हणजे ५०० नग, तिथे निकाल बराच पक्का येतो. नियम एकच, पण लहान लॉट जवळजवळ न तपासताच जातो.

भरवसा ठरतो तो काढलेल्या नगांच्या संख्येवरून. मागे लॉट ५००० चा आहे की ५०,००० चा, याने फरक पडतो, पण अर्ध्या टक्क्याइतकाही नाही. नमुना लॉटचा मोठा हिस्सा व्हायला लागला तरच लॉटचा आकार हिशेबात धरावा लागतो.

[दृश्य: हात खोक्याच्या वरच्या थरातून झाकणं उचलतो.]

आतापर्यंतचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे : प्रत्येक नगाला नमुन्यात येण्याची सारखी संधी हवी. या दृश्यात ती अट मोडते आहे. खोकं यंत्राखाली भरत जातं, म्हणून वरचा थर म्हणजे शेवटच्या काही मिनिटांचं उत्पादन. तिथून पन्नास काढले तर पन्नासही त्या काही मिनिटांचेच. पट्टा काढता येईल, पण तो त्या मिनिटांचा असेल.

[दृश्य: दहा खोकी ओळीने. प्रत्येकातून पाच नग.]

हे बरोबर आहे. प्रत्येक खोक्यातून पाच, तेही वरून, मधून, तळातून. कोणता नग घ्यायचा ते डोळ्यांनी ठरवायचं नाही. सवयीचा हात खराब कड ओळखतो, मग ती टाळतो किंवा नेमकी तीच उचलतो. खोकं दुसऱ्यात ओतताना ठरलेल्या वेळी झारा खाली धरावा, किंवा थर आणि जागा यदृच्छ अंकांवरून आधीच लिहून ठेवावी.

नुसतं ढवळणं पुरत नाही, याचा दाखला मण्यांच्याच खेळात आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग व्याख्यानांत तो दाखवत. त्यांच्या पेटीत ४००० मण्यांत ८०० लाल होते आणि फळी ५० खळग्यांची, म्हणजे सरासरी १० यायला हवी. वर्षानुवर्षांच्या नोंदींत एका फळीची सरासरी ११ च्या पुढे गेली, इतरांची १० च्या खाली राहिली. फळी आणि मणी एकमेकांशी कसे घासतात, रंगाच्या थराने मणी किती निसटतो, असल्या गोष्टींनी निवड वाकडी होते.

[दृश्य: दोन खराब झाकणं उलटी. आत ‘६’.]

आता तो उमटलेला आकडा. दोन्ही खराब झाकणं सहा नंबरच्या कॅव्हिटीतली आहेत. पाच हजारांत प्रत्येक कॅव्हिटीची ६२५ झाकणं असतात. सहा नंबरची सगळीच खराब असती तर प्रमाण १२.५ टक्के झालं असतं, आणि आपला पट्टा ते नाकारत नाही. पण नमुन्यात सहा नंबरची एकूण सात झाकणं सापडली, त्यांतली पाच चांगली. म्हणजे कॅव्हिटी कायमची बिघडलेली नाही, दोष अधूनमधून येतो. हवा निघायची खाच चोंदत असेल तर असं होतं : आत कोंडलेली हवा प्लास्टिकला कडेपर्यंत पोचू देत नाही. पन्नास नगांनी टक्केवारी धूसर सांगितली, पण कुठे बघायचं ते दाखवलं.

[दृश्य: टेबलावर आणखी झाकणं येतात.]

टक्केवारीच हवी असेल तर नमुना वाढवावा लागतो. आणखी १५० काढून एकूण २०० तपासली आणि आठ खराब निघाली, तरी प्रमाण ४ टक्केच. पट्टा मात्र १.७ ते ७.७ टक्क्यांवर येतो. चौपट मेहनत, आणि पट्टा निम्म्याहून थोडा कमी. ४ टक्क्यांभोवती दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्के एवढीच ढिलाई हवी असेल, तर सुमारे ३७० नग लागतील.

नव्या नमुन्यात पहिले पन्नास धरायचेच. पहिला नमुना आवडला नाही म्हणून दुसरा काढून फक्त चांगला निकाल ठेवला, तर ४ टक्के खराब असलेला लॉटही चारांतून जवळजवळ एकदा ‘शून्य’ दाखवेल. ठरवून वाढवलेला नमुना चालतो, मनासारखा आकडा येईपर्यंत काढत राहिलेला चालत नाही.

[दृश्य: तपासणीचा कागद. नवी ओळ लिहिली जाते.]

हा लॉट आता थांबेल, सहा नंबरची झाकणं वेगळी काढून सगळी तपासली जातील. कागदावर चारऐवजी ही ओळ आहे : तपासले ५०, खराब २, दोन्ही कॅव्हिटी ६, अंदाज ४ टक्के, पट्टा ०.५ ते १३.७, नमुना दहाही खोक्यांतून.