इंडक्शनची शेगडी नेमकं काय तापवते?

श्रोतेहो, नमस्कार.

इंडक्शनच्या शेगडीबद्दल सांगायचं तर एका वर्तमानपत्रापासून सुरुवात करायला हवी. ही गोष्ट १९५० च्या दशकातली, अमेरिकेतली. फ्रिजिडेअर ही फ्रिज बनवणारी कंपनी तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची होती. तिनं इंडक्शनची शेगडी तयार केली आणि ठिकठिकाणी लोकांना दाखवली. दाखवायची पद्धत मोठी गमतीची होती. शेगडीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं आणि बटण दाबायचं. थोड्या वेळात पाणी खळखळ उकळायला लागायचं, आणि खालचा कागद मात्र शाबूत!

(वर्तमानपत्राचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. आपण त्यात वडापाव बांधतो आणि छपाईची शाई पोटात घालतो. ते बंद व्हायला हवं. असो.)

तर कागद का जळला नाही? शेगडीत जाळ नव्हता, लाल होणारी तारही नव्हती. आजच्या शेगडीतही नसते. वरच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं. त्यातला विजेचा प्रवाह सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा मागे-पुढे होतो, आणि त्यामुळे वेटोळ्याभोवती तितक्याच वेगानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते काचेतून आरपार जातं, कागदातूनही जातं. या दोन्हींतून वीज वाहत नाही, म्हणून त्यांना काही होत नाही. भांड्याचा लोखंडी तळ लागला की मात्र त्या तळातच विजेचे भोवरे फिरू लागतात आणि तळ आपोआप तापतो. पुन्हा सांगतो: काच तापत नाही, कागद तापत नाही, तापतो तो भांड्याचा तळ.

पण कुणी चलाख श्रोता विचारेल, कागद तापलेल्या तळाला चिकटलेलाच होता ना, मग त्या आचेनं तरी का करपला नाही? कारण भांड्यात पाणी होतं. पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि कागद करपायला दोनशेच्या वर तापमान लागतं. तेच भांड्यात फोडणीचं तेल असतं तर तळ दोनशेच्या पुढे गेला असता आणि कागद तपकिरी पडून धुरायला लागला असता. स्वयंपाक झाल्यावर काचेचा चटका बसतो तो तापलेल्या तळामुळेच. ती उष्णता भांड्यानं काचेला दिलेली असते. म्हणून भांडं उतरवल्या उतरवल्या काच पुसायला जाऊ नका.

या प्रयोगात कागदाऐवजी स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल ठेवली तर? ती तापेल, सुरकुतेल, कदाचित वितळून काचेला चिकटेल. त्यामुळे भांडं फॉइलमध्ये गुंडाळून शेगडीवर कधीही ठेवू नका. आणि वर्तमानपत्र शेगडीच्या वर चाललं, तरी शेगडीच्या खाली नको. खालच्या जाळीतून पंखा हवा ओढतो. कागद किंवा प्लास्टिकचं टेबलक्लॉथ त्या जाळीला चिकटलं की आतले भाग तापतात आणि थोड्या वेळात शेगडी कुरकुर करून बंद पडते. ती बिघडलेली नसते, गुदमरलेली असते.

आता भांड्यांकडे वळू. फॉइल अॅल्युमिनियमची असून तापते, मग अॅल्युमिनियमचं पातेलं का तापत नाही? सगळी मेख इथेच आहे. वेगानं बदलणारा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाजवळच वाहतो. लोखंडात तो साधारण एक दशांश मिलिमीटरच्या थरात दाटीवाटीनं वाहतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी होते तशी ही गर्दी, आणि या गर्दीतल्या घासाघाशीतून उष्णता निघते. अॅल्युमिनियमच्या जाड तळात प्रवाहाला अर्धा मिलिमीटर जागा मिळते, आणि हा धातू वीज सहज वाहून नेतो. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहावर लोखंडाच्या मानानं वीस-तीस पट कमी उष्णता निघते. फॉइल मात्र इतकी पातळ, की तिथे जागाच मिळत नाही. तांब्या-पितळेचं गणितही अॅल्युमिनियमसारखंच. असं भांडं ठेवलं की शेगडीला तळ सापडत नाही. ती पिकपिक वाजते, पडद्यावर चूक दाखवते आणि थोड्या वेळानं बंद होते.

स्टीलमध्येही भेद आहे. पुष्कळशा चकचकीत स्टीलला चुंबक चिकटत नाही, ती भांडी नीट चालत नाहीत. म्हणून खरेदीला जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. तळाला घट्ट चिकटलं तर भांडं घ्या. जेमतेम चिकटलं तर ते चालेल, पण ताकद कमी पडेल. चुंबक तळालाच लावायचं, कडेला नाही, कारण इंडक्शनचा म्हणून मिळणारा कुकर बहुधा अॅल्युमिनियमचाच असतो आणि त्याच्या तळाला फक्त स्टीलची चकती दाबून बसवलेली असते.

तळ सपाट हवा, हेही तितकंच महत्त्वाचं. भाकरीचा खोलगट तवा लोखंडाचा असला तरी मधेच टेकतो. कडेला भाकरी कच्ची राहते आणि मधे डाग पडतात. बिडाचा सपाट तवा उत्तम. पितळेच्या पातेल्याखाली ठेवायची लोखंडी चकती मिळते, पण ती घेऊ नका. मग चकती तापते, तिच्यावरून भांडं, म्हणजे आपण पुन्हा जुन्या हॉटप्लेटवर आलो.

बचतीचं बोलू. गॅसच्या ज्वाळेची बरीच उष्णता भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. म्हणून तर भांड्याचे कान तापतात आणि ऐन मे महिन्यात ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद करून घाम पुसत उभं राहावं लागतं. इंडक्शनवर उष्णता तळातच तयार होत असल्यानं साधारण पंच्याऐंशी टक्के वीज भांड्यात पोचते. गॅसची निम्म्याच्या आसपास. एक लिटर पाणी सत्तावीस अंशांवरून उकळायला इंडक्शनवर सुमारे ०.१ युनिट लागतं. गॅसवर त्याच्या दीडपट ऊर्जा जाते.

ऊर्जा वाचते, पैसे वाचतीलच असं नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून जेवढं काम होतं, तेवढ्याला इंडक्शनवर साधारण १२० युनिटं लागतात. समजा सिलिंडर ८५० रुपयांना पडला. ८५० भागिले १२०, म्हणजे सुमारे सात रुपये. तुमचं वीजबिल युनिटमागे सातपेक्षा कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त असेल तर गॅस. पाइपचा गॅस असेल तर एका एससीएमला, म्हणजे एका घनमीटर गॅसला, सहा ते साडेसहा युनिटं धरा. हिशोब बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दरानं करा, कारण शेगडीची युनिटं फ्रिज-पंख्यांच्या युनिटांवर चढतात आणि वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात.

आणि एक. दोन हजार वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. चाळीतल्या जुन्या सहा अँपिअरच्या पॉइंटला ती लावली तर आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिकचा वास येतो. तेवढ्यावर थांबा, शेगडी काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, अर्थिंगसह, घालून घ्या.

नमस्कार.